नवं स्टेटमेंट, जुने खर्चाचे रकाने

घरखर्चाचं शीट ठेवणाऱ्यांचा उत्साह बहुतेक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मावळतो. कारण आळस नसतो. बँकेचं नवं स्टेटमेंट उतरवून शीटमध्ये चिकटवलं की मागच्या महिन्यात बसून लिहिलेले खर्चाचे प्रकार भलत्याच ओळींसमोर जाऊन बसतात. औषधांच्या समोर ‘किराणा’, विजेच्या बिलासमोर ‘आईची तपासणी’. एकदा हे झालं की पुन्हा सगळं लिहायला कुणाचा हात चालत नाही.

हा हाताने लिहिलेला रकाना हीच त्या शीटमधली खरी मिळकत आहे. बँकेला एवढंच माहीत असतं की अमुक यूपीआय आयडीवर १,८६० रुपये गेले. ते दुधाचे होते, की त्याच माणसाकडून सणाला घेतलेल्या खव्याचे, हे फक्त घरातल्या माणसाला माहीत. स्टेटमेंट पुन्हा कधीही उतरवता येतं. ही माहिती हरवली की ती परत देणारं कुणी नाही.

घोटाळा होतो तो एका साध्या गोष्टीमुळे. शीटला ओळीचा क्रमांक कळतो, व्यवहार कळत नाही. बँकेच्या ओळी सूत्राने ओढून आणल्या आणि शेजारच्या रकान्यात हाताने प्रकार लिहिला, तर वर एक नवी ओळ येताच सूत्राच्या ओळी खाली सरकतात आणि हाताने लिहिलेलं जागच्या जागी राहतं. म्हणून पहिला नियम असा की ज्या शीटमध्ये प्रकार लिहायचा, तिथे बँकेची माहितीही नुसत्या मजकुराच्या रूपात हवी, सूत्राच्या नको.

यासाठी तीन शीट पुरतात. ‘नोंदी’ म्हणजे कायमची वही, ‘नवे’ म्हणजे या महिन्याचं स्टेटमेंट ओतायची जागा, आणि ‘येणारे’ म्हणजे दोन्हींची तुलना. रकाने सगळीकडे सारखे ठेवायचे: A तारीख, B तपशील, C संदर्भ क्रमांक, D नावे, E जमा, F शिल्लक, G ओळख. ‘नोंदी’मध्ये त्यापुढे H खर्चाचा प्रकार. बँकेच्या फाइलमधले रकाने वेगळ्या क्रमाने आले तर ‘नवे’मध्येच जुळवून घ्यायचे. जुनी ओळ आधी, नवी नंतर, असा क्रमही तिथेच लावायचा.

कळीचा रकाना म्हणजे G. प्रत्येक व्यवहाराला अशी ओळख द्यायची, जी पुढच्या महिन्यात तोच व्यवहार पुन्हा उतरवला तरी हुबेहूब तीच येईल. तपशिलावर ती बेतू नये, कारण एकाच व्यवहाराचा मजकूर बँकेच्या ॲपवरून वेगळा आणि नेटबँकिंगवरून वेगळा येऊ शकतो. तारीख आणि रक्कमही पुरत नाहीत. एकाच दिवशी वीस-वीस रुपयांचे दोन चहा होतातच. वेगळेपण देते ती शिल्लक. पहिल्या चहानंतरची आणि दुसऱ्यानंतरची शिल्लक सारखी नसते. म्हणून ‘नवे’च्या G2 पासून खाली हे सूत्र ओढायचं:

```
=TEXT(A2,"yyyy-mm-dd")&"|"&TEXT(D2,"0.00")&"|"&TEXT(E2,"0.00")&"|"&TEXT(F2,"0.00")&"|"&COUNTIFS(A$2:A2,A2,F$2:F2,F2)
```

शेवटचा तुकडा एका विशिष्ट प्रसंगासाठी आहे. औषधाच्या दुकानात ५०० रुपये पाठवले, पैसे कापले गेले पण व्यवहार फसला, ते परत आले, आणि आपण पुन्हा ५०० पाठवले. शिल्लक ३०,००० वरून २९,५००, परत ३०,०००, पुन्हा २९,५००. पहिली आणि तिसरी ओळ तारीख, रक्कम आणि शिल्लक या तिन्ही बाबतींत सारखी. त्या दिवशी ती शिल्लक कितव्यांदा आली, हा आकडा जोडला की दोघी वेगळ्या होतात.

‘येणारे’ शीटच्या A2 मध्ये एकच सूत्र लिहायचं. ते गूगल शीट्समध्ये असं चालतं:

```
=FILTER('नवे'!A2:G,'नवे'!A2:A<>"",COUNTIF('नोंदी'!G:G,'नवे'!G2:G)=0)
```

ज्यांची ओळख ‘नोंदी’त नाही, तेवढ्याच ओळी इथे दिसतात. त्या उचलून ‘नोंदी’च्या तळाशी फक्त मूल्यं म्हणून चिकटवायच्या, म्हणजे Ctrl+Shift+V. चिकटवल्या क्षणी ‘येणारे’मध्ये #N/A दिसायला हवं. ही चूक नव्हे, उरलेलं काही नाही याची ती पावती आहे. जुन्या ओळींना हात लागलेला नाही, त्यामुळे त्यांच्यासमोरचे प्रकारही जागेवर. लिहायचा तो H फक्त नव्या ओळींचा.

ओळख असल्यामुळे आणखी एक मोकळीक मिळते. स्टेटमेंट महिन्याच्या एक तारखेपासून उतरवण्याची गरज राहत नाही, आणि तसं उतरवूही नये. समजा ३० जूनच्या दुपारी आपण जूनचं स्टेटमेंट घेतलं. शेवटची ओळ औषधांचे ६४० रुपये, शिल्लक ४१,६७५.५०. त्याच रात्री तिमाहीचं २८७ रुपये व्याज जमा झालं, तारीख ३० जून. पुढच्या वेळी १ जुलैपासून उतरवलं तर हे व्याज शीटमध्ये कधीच येणार नाही. २५ जूनपासून उतरवलं तर पाच-सहा दिवसांच्या जुन्या ओळी आपोआप गाळल्या जातात आणि व्याजाची ओळ तेवढी पुढे येते.

असं काही निसटलं आहे का, हे शिल्लकच सांगते. ‘नोंदी’च्या I3 पासून खाली हे सूत्र ओढायचं:

```
=ROUND(F2-D3+E3-F3,2)
```

मागची शिल्लक, वजा नावे, अधिक जमा, ही आताच्या शिलकेइतकी यायलाच हवी, म्हणजे रकानाभर शून्य. व्याज निसटलं असतं, तर १ जुलैच्या १,४३० रुपयांच्या वीजबिलासमोर हिशेबाने ४०,२४५.५० यायला हवे होते, बँक मात्र ४०,५३२.५० दाखवते, आणि रकान्यात −२८७ उमटतं. नेमकी कुठली रक्कम शोधायची तेही कळलं. मला तरी या सगळ्या मांडणीतला हा रकाना सर्वांत मोलाचा वाटतो. महिन्याच्या बेरजा त्यावर नजर फिरवूनच काढाव्यात. ‘नोंदी’ मात्र बँकेच्या क्रमानेच ठेवायची. प्रकारानुसार बेरीज पिव्होट टेबलमध्ये घ्यावी, वहीचा क्रम बदलून नव्हे.

सर्वांत जास्त त्रास देते ती तारीख. शीटचं लोकेल अमेरिकेचं असेल तर ०५/०७ म्हणजे पाच जुलै हे सात मे म्हणून वाचलं जातं, आणि १३/०७ ही तारीखच न मानता मजकूर म्हणून पडून राहते. रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झालं आहे असं समजावं. फाइल ओतण्याआधी सेटिंग्जमध्ये लोकेल भारत करून घ्यावं, नंतर दुरुस्त करत बसू नये. असंच शिलकेच्या आकड्याला ‘Cr’ चिकटून येत असेल तर तो ‘नवे’मध्येच काढावा, नाहीतर तो आकडा न राहता मजकूर होतो.

‘येणारे’मध्ये आधीच नोंदलेल्या तारखांच्या ओळी ढिगाने दिसू लागल्या, तर काहीही चिकटवू नये. ओळख जुळत नाही याचाच तो अर्थ. तारखा उलटल्या असतील, किंवा आधी कधीतरी ‘नवे’मधला क्रम वेगळा लावला गेला असेल. एका जुन्या ओळीची G दोन्ही शीटांत शेजारी ठेवून पाहिली की कुठला तुकडा बदलला ते दिसतं.

क्रेडिट कार्डाला ही युक्ती लागू पडत नाही, कारण त्याच्या स्टेटमेंटमध्ये सहसा ओळीगणिक शिल्लक नसते. तिथे तारीख, रक्कम आणि संदर्भ क्रमांक यांवर ओळख बांधावी लागते, आणि बिल तयार झाल्यावरच ओळी घ्याव्यात. चालू महिन्यातले व्यवहार आधी एका तारखेने आणि पक्के झाल्यावर दुसऱ्या तारखेने दिसू शकतात. कार्डासाठी वेगळी ‘नोंदी’ शीट ठेवावी, आणि बचत खात्यातून भरलेल्या कार्डाच्या बिलासमोर खर्चाचा प्रकार न लिहिता ‘कार्ड भरणा’ लिहावं, म्हणजे तोच खर्च दोनदा मोजला जाणार नाही.