पाच तारखेनंतरची शिल्लक

दोन सहकारी, दोघांचीही सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे पीपीएफची खाती नवी. दोघांनी एप्रिल महिन्यात प्रत्येकी दीड लाख रुपये भरले. पहिल्याचे पैसे ५ एप्रिलला जमा झाले, दुसऱ्याचे ६ एप्रिलला. वर्षभर दोघांनीही खात्याला हात लावला नाही. ३१ मार्चला पहिल्याच्या पासबुकात १०,६५० रुपये व्याज पडले आणि दुसऱ्याच्या पासबुकात ९,७६२ रुपये ५० पैसे. एका दिवसाच्या उशिराची किंमत ८८७ रुपये ५० पैसे. बँकेने चूक केलेली नाही, पोस्टानेही नाही. नियमच तसा आहे.

पीपीएफ योजना १९६८ सालची. २०१९ च्या डिसेंबरात तिची नवी नियमावली आली, पण व्याजमोजणीची रीत कायम राहिली. प्रत्येक महिन्याचे व्याज वेगळे काढायचे आणि ते काढताना त्या महिन्याच्या पाच तारखेचे कामकाज संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तीच धरायची. पाच तारखेच्या दिवसभरात जमा झालेली रक्कम चालते, सहा तारखेची नाही. ६ एप्रिलला भरलेले दीड लाख ३० एप्रिलला खात्यात असले, तरी पाच तारीख संपताना तिथे शून्य होते. म्हणून एप्रिलची शिल्लक शून्य आणि व्याजही शून्य.

व्याजाचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करते. १ एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्के झाला आणि २०२४-२५ अखेरपर्यंत, म्हणजे सलग पाच वर्षे, हललाच नाही. या लेखातले सगळे हिशेब त्याच दराचे आहेत. दीड लाखाचे वर्षाचे ७.१ टक्के म्हणजे १०,६५० आणि त्याचा बारावा भाग ८८७ रुपये ५० पैसे. इथे दिवस मोजलेच जात नाहीत. फेब्रुवारीचे अठ्ठावीस दिवस आणि मार्चचे एकतीस, दोन्हींचे व्याज सारखेच. दर महिन्याचे असे काढलेले आकडे बाजूला ठेवले जातात, त्यांची बेरीज वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला, एकदम खात्यात पडते आणि तिथून पुढे व्याजावर व्याज सुरू होते. वर्षाच्या आत मात्र सगळे सरळव्याजच.

ही रीत आज जुनाट वाटते, आणि ती तशी आहेच. बँकांच्या बचत खात्यांवरही ३१ मार्च २०१० पर्यंत दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर व्याज मिळे. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिल्लकेवर मोजले जाऊ लागले. पोस्टाच्या बचत खात्यात मात्र दहा तारखेचा हिशेब अजून आहे आणि पीपीएफप्रमाणेच सुकन्या समृद्धी खात्यात पाच तारखेचा. कागदी लेजरच्या काळात महिन्याला एकच आकडा उचलणे सोयीचे असणार. आता हिशेब संगणक करतो, त्याला रोजची शिल्लक मोजणे मुळीच जड नाही. पण नियम बदललेला नाही, तेव्हा खातेदारालाच पाच तारीख लक्षात ठेवावी लागते.

पुष्कळांना वाटते, पाच तारखेची भानगड एकरकमी भरणाऱ्यांसाठी. आपण दरमहा थोडे थोडे भरतो, आपले काय जाणार? आकडे वेगळे सांगतात. दरमहा १२,५०० प्रमाणे वर्षाचे दीड लाख भरणारा खातेदार घ्या. त्याने प्रत्येक हप्ता पाच तारखेच्या आत भरला, तर एप्रिलच्या हप्त्याला बारा महिन्यांचे व्याज मिळते, मेच्या हप्त्याला अकरा महिन्यांचे, असे करत मार्चच्या हप्त्याला एका महिन्याचे. वर्षाअखेर एकूण ५,७६८ रुपये ७५ पैसे. हेच हप्ते दर महिन्याच्या दहा तारखेला गेले, तर प्रत्येक हप्त्याचा एक महिना बुडतो आणि व्याज येते ४,८८१ रुपये २५ पैसे. फरक पुन्हा ८८७ रुपये ५० पैसेच. कारण उघड आहे. उशिरा भरलेल्या प्रत्येक रुपयाचे एका महिन्याचे व्याज जाते, मग तो एकदम भरा की तुकड्या-तुकड्यांनी.

त्यामुळे पगार सात तारखेला होतो म्हणून आठ तारखेची स्थायी सूचना देऊन ठेवणाऱ्याला त्याच दिवशी पैसे पाठवण्याचा काडीचाही फायदा नाही. आठ तारखेला गेलेला हप्ता आणि पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला गेलेला हप्ता, दोघांचे व्याज एकाच महिन्यापासून सुरू होते. मधले पंचवीस दिवस ते पैसे बचत खात्यात ठेवले, तर तिथे निदान रोजच्या शिल्लकेवर थोडे व्याज पडते आणि अडीअडचणीला ते हाताशीही राहतात. पाच तारीख चुकली की सहा तारखेला धावतपळत बँक गाठणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अपवाद मार्चचा. मार्चमधला भरणा एप्रिलवर ढकलला, तर तो पुढच्या आर्थिक वर्षाच्या दीड लाखाच्या मर्यादेत मोजला जातो.

मार्चचा विषय निघालाच आहे, तर मार्चअखेरच्या गर्दीबद्दलही बोलले पाहिजे. ३१ मार्चला भरलेल्या रकमेवर त्या आर्थिक वर्षात एका पैचेही व्याज मिळत नाही, मिळते ती फक्त करवजावट, तीही जुन्या करप्रणालीत राहणाऱ्याला. पंधरा आर्थिक वर्षे दर ५ एप्रिलला दीड लाख भरणाऱ्याचे ७.१ टक्क्यांनी सुमारे ४० लाख ६८ हजार होतात. दर ३१ मार्चला तेवढेच भरणाऱ्याचे सुमारे ३७ लाख ९८ हजार. दोघांनी घातलेले मुद्दल साडेबावीस लाखच, फरक मात्र दोन लाख सत्तर हजारांच्या घरात. आणि दरवर्षी फक्त एक दिवस चुकणारा, सहा एप्रिलवाला? त्याचे पंधरा वर्षांत सुमारे साडेबावीस हजार जातात. म्हणजे खरा मोठा तोटा एका दिवसाचा नाही, अकरा-बारा महिने थांबण्याचा आहे. एप्रिलमध्ये दीड लाख मोकळे नसतील, तर कर्ज काढून पाच तारीख गाठणे हा शहाणपणा नव्हे. टक्क्याच्या सहा दशांशांएवढ्या व्याजासाठी कर्जाचे व्याज आणि प्रक्रिया शुल्क कोण भरणार?

पाच तारीख म्हणजे पैसे निघाल्याची तारीख नाही, पीपीएफ खात्यात जमा झाल्याची. त्याच बँकेतल्या बचत खात्यातून ऑनलाइन वळते केले, तर ते लगेच जमा होतात. चेकचे तसे नाही. तो चार तारखेला खिडकीत दिला आणि सात तारखेला वटला, तर हिशेबात सात तारीख येते. एप्रिलमध्ये ही अडचण अधिक बोचते, कारण १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँकांचे व्यवहार ग्राहकांना बंद असतात. २०२६ साली तर ३ एप्रिलला गुड फ्रायडे आणि ५ एप्रिलला रविवार. महाराष्ट्रात बँकेच्या खिडकीवर भरणा करणाऱ्याच्या वाट्याला गुरुवार आणि शनिवार, असे दोनच दिवस. अशा वर्षी चेकवर विसंबणे जोखमीचेच.

आता नियमाची दुसरी बाजू, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. सर्वांत कमी शिल्लक धरायची असल्याने काढलेले पैसे महिनाभर मागे जाऊन व्याज खातात. समजा, पंधरा वर्षे पूर्ण झालेले आणि नवा भरणा न करता मुदत वाढवलेले खाते आहे, शिल्लक वीस लाख. अशा खात्यातून वर्षातून एकदा पैसे काढता येतात. खातेदाराने २८ ऑगस्टला पाच लाख काढले. ते २७ दिवस खात्यात होते, तरी ऑगस्टची सर्वांत कमी शिल्लक पंधरा लाख ठरली आणि पाच लाखांचे महिन्याचे व्याज, २,९५८ रुपये ३३ पैसे, गेले. तेच पैसे चार दिवस थांबून १ सप्टेंबरला काढले असते, तर ऑगस्टचे व्याज पूर्ण मिळाले असते. याच न्यायाने सप्टेंबरच्या १ तारखेला काढले काय आणि २९ तारखेला काढले काय, सप्टेंबरचे व्याज त्या रकमेवर नाहीच. तेव्हा भरायचे तेही आणि काढायचे तेही महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत.

व्याज बरोबर पडले का, हे पासबुक आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन पाहता येते. एक खाते धरू. १ एप्रिलला शिल्लक ४,२०,०००. त्यात ६ जूनला एक लाख आणि ५ डिसेंबरला पन्नास हजार भरले. एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांची शिल्लक ४,२०,०००, कारण जूनचा भरणा एक दिवस चुकला. जुलै ते नोव्हेंबर हे पाच महिने ५,२०,०००. डिसेंबर ते मार्च हे चार महिने ५,७०,०००. बारा महिन्यांच्या या शिल्लकांची बेरीज ६१ लाख ४० हजार. तिला ७.१ ने गुणून १२०० ने भागले की ३६,३२८ रुपये ३३ पैसे येतात. पासबुकात याच्या आसपासचाच आकडा हवा.

समजा, तिथे ३६,०३२ च दिसले. तूट साधारण २९६ रुपयांची. हिशेब उलटा करायचा: तुटीला १२०० ने गुणून ७.१ ने भागायचे. उत्तर येते जवळपास पन्नास हजार. म्हणजे पन्नास हजारांचा एक महिना धरलेला नाही, आणि पन्नास हजारांचा भरणा एकच आहे, डिसेंबरचा. तो चेकने केला असेल, तर चेक कधी वटला ते बचत खात्याच्या उताऱ्यात पाहायचे. पैसे ५ डिसेंबरलाच ऑनलाइन गेले असतील, तर व्यवहार क्रमांकासह शाखेत लेखी अर्ज देऊन जमा तारीख तपासून मागायची. मोघम ‘व्याज कमी आले’ म्हणण्यापेक्षा ‘डिसेंबरची शिल्लक ५,७०,००० ऐवजी ५,२०,००० धरली आहे’ असे लिहिले, तर कारकुनालाही नेमकी नोंद शोधता येते.

जुन्या वर्षांचे पासबुक तपासताना मात्र त्या-त्या तिमाहीचा दर पाहूनच गुणाकार करायचा. २०१९-२० मध्ये एप्रिल ते जून ८ टक्के दर होता आणि जुलैपासून ७.९. त्या वर्षी पहिल्या तीन महिन्यांच्या शिल्लकांची बेरीज वेगळी आणि उरलेल्या नऊ महिन्यांची वेगळी करावी लागते.