जाणाऱ्या परिचारकाचे निदान
निरोपाच्या मुलाखतीतून पुढील नेमणुकीकडे

चिकित्सेच्या चार पादांत भिषक्, द्रव्य आणि रोगी यांच्याबरोबर चरकाचार्यांनी उपस्थात्याची, म्हणजे परिचारकाची गणना केली आहे. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुणही सांगितले आहेत. हा चौथा पाद दर चार-सहा महिन्यांनी बदलत राहिला तर चिकित्सेचे काय होते, हा अनुभव पंचकर्म चिकित्सालय चालविणाऱ्या बहुतेक वैद्यबंधूंना असेल. हात बसलेला परिचारक निघून जातो, नवा येतो, त्याला स्नेहनाचा दाब आणि स्वेदनाची वेळ समजेपर्यंत तोही निघून जातो. रुग्ण मात्र पहिल्याच हाताची आठवण काढीत राहतो.

आमच्या चिकित्सालयात ६ पंचकर्म सहायक असून लगतच्या औषधालयात काउंटरवर २ जण असतात. मागे एकदा २ वर्षांच्या काळात या ८ जागांवरून ९ जण सोडून गेले. आमच्या रजिस्टरात कारणांचा रकाना होता. त्यात ६ जणांपुढे ‘घरगुती अडचण’, एकापुढे ‘दूर पडते’ आणि दोघांपुढे ‘जास्त पगार’ अशी नोंद होती. ‘घरगुती अडचण’ म्हणजे न बोललेला पगारच, असे आम्ही गृहीत धरले आणि सहायकांचे वेतन वाढविले. त्यानंतरच्या ३ महिन्यांत आणखी एक सहायक गेली. रूप पाहून हेतू ठरविण्याची जी चूक आपण विद्यार्थ्यांना करू देत नाही, तीच आम्ही स्वतः केली होती.

मोठ्या उद्योगांत नोकरी सोडणाऱ्याशी शेवटी एक स्वतंत्र संभाषण करण्याची पद्धत आहे. तिला ‘एक्झिट इंटरव्ह्यू’ म्हणतात. आम्ही तिला निरोपाची मुलाखत म्हणू. गेलेल्याला परत आणणे हा तिचा हेतू नसतो. तो का गेला हे समजून घेऊन पुढची नेमणूक अधिक विचाराने करणे, एवढाच तिचा उपयोग.

मुलाखत कोणी आणि केव्हा घ्यावी

पहिली मुलाखत आम्ही स्वतःच, आमच्या खोलीत, राजीनामा हातात पडल्याबरोबर घेतली. समोरची मुलगी ‘सगळे चांगले होते, सर’ याखेरीज काही बोलली नाही. ते स्वाभाविक होते. तिचा शेवटचा पगार आणि अनुभव प्रमाणपत्र आमच्या हाती होते. असे असताना खरे बोलण्यात तिचे नुकसानच होते.

त्यानंतर आम्ही दोन बदल केले. पहिला बदल असा की, हिशोब पूर्ण करून आणि प्रमाणपत्र हातात देऊन मगच बोलावयाचे. दुसरा असा की, मुलाखत आम्ही घ्यावयाची नाही. गावातील एका वैद्यमित्रांशी आम्ही परस्पर ठरवून घेतले. आमच्याकडून जाणाऱ्याशी ते बोलतात, त्यांच्याकडून जाणाऱ्याशी आम्ही बोलतो. शक्यतो शेवटच्या दिवशी अर्धा तास समोरासमोर आणि पुन्हा साधारण ३ महिन्यांनी दूरध्वनीवरून १० मिनिटे, असा क्रम ठेवला. दुसरे संभाषण अधिक मोलाचे ठरते. तोपर्यंत राग निवलेला असतो, भीड गेलेली असते आणि नवीन ठिकाणाशी तुलनाही करता येते.

प्रश्न मोजकेच ठेवले. ‘का सोडले?’ हा प्रश्न आम्ही मुद्दाम वगळला, कारण त्याचे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते. त्याऐवजी पुढील पाच प्रश्न विचारले.

१. सोडण्याचा विचार प्रथम केव्हा आला? त्या दिवशी काय घडले होते?
२. कामावर घेताना जे सांगितले होते आणि प्रत्यक्षात जे करावे लागले, त्यात फरक कोणता?
३. दिवसातील कोणते काम नकोसे वाटे?
४. काय वेगळे असते तर आणखी वर्षभर राहिला असता?
५. तुमच्या बहिणीला किंवा भावाला हेच काम घ्यावयाचे असल्यास आधी काय सांगाल?

पहिला प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. राजीनामा हे व्याधीचे व्यक्त रूप असते. पूर्वरूप त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या विशिष्ट दिवशी दिसलेले असते आणि तो दिवस माणसाला नेमका आठवतो. उत्तरे मात्र बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. ‘कामाचा ताण’ असा सारांश लिहिला की हेतू पुसला जातो.

काय निष्पन्न झाले

मित्रांनी त्या ९ जणांपैकी ७ जणांना दूरध्वनीवर गाठले. दोघांचा पत्ता लागला नाही. सात जणांत २ काउंटरवरचे व ५ सहायक होते. काउंटरवरच्या दोघांचे कारण खरोखरच पगार हे होते, आणि वेतनवाढ देताना नेमके त्यांनाच आम्ही वगळले होते.

पाच सहायकांपैकी चौघांनी पहिल्या ३ महिन्यांतच काम सोडले होते. त्यातील तिघांची सुरुवात माघात झाली होती आणि सोडण्याचा विचार फाल्गुन-चैत्रात आला होता. म्हणजे वासंतिक वमनाचा काळ. आमच्या जाहिरातीत ‘वैद्यांच्या देखरेखीखाली उपचारात मदत’ एवढेच शब्द होते. प्रत्यक्षात पहाटे साडेपाचला हजर राहणे, वेग मोजणे, वांत द्रव्य मापून पात्र स्वच्छ करणे, त्यानंतर दिवसभरात पाच-सहा अभ्यंग उभ्याने करणे, स्वेदनाच्या खोलीतील उष्मा आणि निरूह बस्तीनंतर रुग्णाची व साहित्याची स्वच्छता, असे ते काम होते. एकीने सांगितले, “मला मालिशचे काम म्हणून सांगितले होते. बस्तीचे साहित्य धुवावे लागते हे घरी सांगायची लाज वाटली. म्हणून घरची अडचण आहे म्हटले.” तिने कष्टांची तक्रार केली नव्हती. न सांगितलेल्या कामाची केली होती.

पाचवी मुलाखत आम्हाला सर्वांत जड गेली. ही सहायक ४ वर्षे आमच्याकडे होती आणि रुग्ण तिचे नाव घेऊन वेळ मागत. तिच्या नावापुढेही ‘घरगुती अडचण’ अशीच नोंद होती. काउंटरवरची जागा रिकामी झाल्यावर सायंकाळी आम्ही तिला तेथे बसवू लागलो होतो. एका सायंकाळी तिच्या हातून हिंग्वाष्टकाऐवजी लवणभास्कर चूर्णाची पुडी गेली. रुग्णाच्या वेळीच लक्षात आल्याने अपाय झाला नाही. पण आम्ही तिला प्रतीक्षालयातील रुग्णांसमोर बोललो. ती म्हणाली, “चूक माझीच होती. पण ते काम मला कधी शिकवलेच नव्हते. त्या दिवशी बसमध्येच ठरवलं.” आम्हाला त्या प्रसंगाची आठवणही नव्हती. आम्ही नंतर तिला स्वतः दूरध्वनी करून क्षमा मागितली. तिने ती सहज स्वीकारली, पण ती परत आली नाही.

नेमणुकीत केलेला बदल

या माहितीवरून आम्ही तीन गोष्टी बदलल्या. जाहिरातीत आणि पहिल्या भेटीत वमन, बस्ती, स्वच्छता, उभ्याचे काम आणि पहाटेची वेळ यांचा स्पष्ट उल्लेख करू लागलो. दुसरे, निवड झालेल्या उमेदवाराला होकार देण्यापूर्वी एक पूर्ण दिवस, त्या दिवसाचे वेतन देऊन, जुन्या सहायकाबरोबर ठेवू लागलो. तो दिवस शक्यतो बस्तीच्या रुग्णांचा निवडतो. रुग्णाची संमती घेतो आणि उमेदवार केवळ पाहतो किंवा हाताखाली साहाय्य करतो. सायंकाळी जुन्या सहायकाचेही मत विचारतो, कारण रुग्णाला संकोच वाटू न देता काम करण्याची वृत्ती प्रमाणपत्रात दिसत नाही, ती प्रत्यक्ष कामातच दिसते. तिसरे, ज्या कामासाठी नेमले त्याखेरीज दुसरे काम शिकविल्याशिवाय द्यावयाचे नाही, हा नियम आम्ही स्वतःसाठी केला.

पुढील वर्षी ६ जणांची निवड केली. त्या एका दिवसानंतर दोघांनी नम्रपणे नकार दिला. पूर्वी हेच दोघे बहुधा दोन महिन्यांनी गेले असते. रुजू झालेल्या ४ जणांपैकी ३ जण वर्षअखेरीस होते. एक विवाहानंतर परगावी गेली आणि या वेळी घरगुती कारण खरेच घरगुती होते.

मर्यादा

चार माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही. शिवाय त्याच वर्षी आम्ही वमनाच्या दिवसांत पहाटेची पाळी आलटून-पालटून लावली होती, त्यामुळे उपशय नेमका कशाने झाला हे निश्चित सांगता येणार नाही. एकाच वेळी दोन औषधे सुरू केल्यावर होते तसेच हे आहे.

दुसरी मर्यादा अशी की, केवळ गेलेल्यांनाच विचारले तर चित्र एकांगी होते. पहाटेची वेळ नकोशी वाटते असे राहिलेल्या जुन्या सहायकांनीही सांगितले, तरी ते राहिले होते. म्हणून प्रश्न १ वगळून बाकीचे प्रश्न आम्ही त्यांनाही वर्षातून एकदा विचारतो. जे गाऱ्हाणे फक्त जाणारे सांगतात, ते हेतूच्या अधिक जवळचे. जे दोघेही सांगतात ते दूर करावे, पण माणसे त्याच कारणाने जातात असे मानू नये. एखाद्या व्यक्तीविषयीची एकच तक्रार आली तर निष्कर्ष काढू नये. तीच तक्रार एकमेकांना न भेटलेल्या दोघा-तिघांकडून आली तर मात्र ती बाजूला सारू नये.

तिसरी गोष्ट गोपनीयतेची. बोलणाऱ्याचे नाव आमच्यापर्यंत त्याच्या अनुमतीशिवाय येत नाही. अनुमती नसेल तर ३-४ मुलाखती जमल्यावर केवळ मुद्दे येतात. परंतु लहान चिकित्सालयात कोणते वाक्य कोणाचे हे ओळखू येते, म्हणून संपूर्ण गुप्ततेचे वचन देऊ नये. एखाद्या स्त्रीने लैंगिक छळाविषयी सांगितले तर तो मुलाखतीच्या वहीत लिहून ठेवण्याचा विषय राहत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार १० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही माहिती मुलाखत घेणाऱ्याला असावी आणि त्याने ती तिला तेथेच द्यावी.

आमच्या रजिस्टरातील कारणांचा रकाना आता काढून टाकला आहे. त्या जागी दोन तारखा लिहितो: सोडण्याचा विचार प्रथम आला तो दिवस आणि राजीनाम्याचा दिवस. त्या सहायकेच्या बाबतीत या दोन तारखांमध्ये ७ आठवड्यांचे अंतर होते. त्या ७ आठवड्यांत ती रोज कामावर येत होती आणि आम्ही तिला रोज भेटत होतो.