पाटीवर ‘आईचा मसाला’, कागदावर भलतंच नाव. जाहिरात खात्याची पडताळणी का फेटाळली जाते?

दिवाळीच्या तोंडावर फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात सुरू करायची असते आणि नेमकी त्याच वेळी व्यवसायाची पडताळणी फेटाळल्याची सूचना येते. कागदपत्रं खरी, जीएसटी चालू, दुकानही जागेवर. मग अडतं कुठे? बहुतेक वेळा भरलेलं नाव किंवा पत्ता कागदावरच्या मजकुराशी जुळत नाही, एवढंच कारण असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात कोथरूडला एका महिलेचा मसाल्यांचा व्यवसाय आहे. पाटीवर, पाकिटावर आणि फेसबुक पेजवर ‘आईचा मसाला’ हेच नाव आहे. मेटाच्या फॉर्ममध्ये Legal business name या रकान्यातही त्यांनी तेच भरलं आणि सोबत जीएसटीचं प्रमाणपत्र जोडलं. अर्ज फेटाळला गेला.

कागदावर नक्की काय असतं?

जीएसटीच्या प्रमाणपत्राला REG-06 म्हणतात. त्यावर Legal Name आणि Trade Name असे दोन वेगळे रकाने असतात. व्यवसाय एकट्याच्या मालकीचा असेल, तर Legal Name मध्ये मालकाचं पॅनवरचं नाव येतं, कारण नोंदणी त्याच पॅनवर झालेली असते. ब्रँडचं नाव Trade Name मध्ये यायला हवं. पण नोंदणीच्या वेळी हा रकाना अनेकदा कोरा राहतो किंवा त्यातही मालकाचंच नाव टाकलं जातं. या महिलेच्या प्रमाणपत्रावर ‘आईचा मसाला’ हे शब्द कुठेच नव्हते. तपासणाऱ्याच्या दृष्टीने फॉर्म एका व्यवसायाचा आणि कागद दुसऱ्याच कुणाचा.

तुमच्या बाबतीत काय आहे, हे दोन मिनिटांत कळतं. जीएसटीच्या पोर्टलवर Search Taxpayer मध्ये तुमचा 15 अंकी-अक्षरी क्रमांक टाका. लॉगिनची गरज नाही. दोन्ही नावं आणि नोंदणीतला मुख्य पत्ता समोर दिसतो.

मग पेजचं नाव बदलायचं का?

नाही, इथेच अनेकांची गल्लत होते. पेजचं नाव आणि पडताळणीच्या फॉर्ममधलं कायदेशीर नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेज ‘आईचा मसाला’ राहू शकतं. फॉर्ममध्ये मात्र प्रमाणपत्रावरचं Legal Name त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने भरायचं. घाई असेल, तर हाच मार्ग बरा. वेबसाइट दिलेली असेल, तर तिच्या तळाशी किंवा संपर्काच्या पानावर ब्रँडसोबत मालकाचं नाव लिहावं, म्हणजे दोन्हींचा संबंध दिसतो.

गुगलवर जाहिरात करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिथे पडताळणीनंतर जाहिरातदार म्हणून पडताळलेलं नाव लोकांना दिसतं. ब्रँडऐवजी स्वतःचं नाव पाहून दचकू नका.

पत्त्याची गोम

या उदाहरणातली दुसरी चूक पत्त्याची. प्रमाणपत्राच्या पहिल्या पानावर घरचा पत्ता होता, पिन 411038. फॉर्ममध्ये भरला होता डेक्कनच्या नव्या दुकानाचा पत्ता, पिन 411004. दुकान जीएसटीत नोंदवलेलं होतं, पण ‘अतिरिक्त जागा’ म्हणून, आणि अशा जागा Annexure A मध्ये असतात. बाईंनी फक्त पहिल्या पानाचा फोटो जोडला होता! मोबाइलवर काढलेला एका पानाचा फोटो देण्यापेक्षा पोर्टलवरून डाउनलोड केलेली सगळ्या पानांची पीडीएफ द्यावी. त्याहून सोपं म्हणजे फॉर्ममध्ये पहिल्या पानावरचाच पत्ता भरावा. माल कुठून निघतो, हे इथे कुणी विचारत नाही.

कागदच दुरुस्त करायचा असेल तर?

जागा खरोखर बदलली असेल, तर दुरुस्ती टाळू नये. नियमानुसार बदल झाल्यापासून 15 दिवसांत कळवायचा असतो. व्यवसायाचं नाव आणि मुख्य पत्ता हे दोन्ही जीएसटीत ‘कोअर’ बदल मानले जातात. अर्ज REG-14 मध्ये करायचा. पत्त्यासाठी वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती लागते. जागा भाड्याची असेल, तर भाडेकरार लागतो. अधिकाऱ्याने 15 कामाचे दिवस धरून निर्णय द्यायचा असतो. शंका आली, तर खुलासा मागवला जातो आणि वेळ वाढतो. त्यामुळे सणाच्या आदल्या आठवड्यात हे काम काढण्यात अर्थ नाही.

मंजुरीनंतर नवं REG-06 डाउनलोड करा आणि मगच पुन्हा अर्ज करा. फेटाळलेला कागद तसाच परत पाठवला, तर उत्तरही तेच येतं. आणि उद्यमचं प्रमाणपत्र किंवा गुमास्ता सोबत जोडणार असाल, तर आधी त्यावरचं नाव वाचा. तिथे ‘आईचा मसाले’ छापलेलं असेल, तर जास्तीच्या कागदाने गोंधळच वाढेल.