टाटाच्या डॉक्टरांचं गरम नारळपाणी

घरच्या ग्रुपवर एक चित्र येतं. वर कापलेल्या नारळाचा फोटो, खाली मजकूर. कपात खोबऱ्याच्या दोन-तीन पातळ चकत्या टाकायच्या, वर गरम पाणी ओतायचं, म्हणजे ते ‘अल्कलाइन’ होतं. रोज प्यायलं की कॅन्सरच्या पेशी मरतात आणि निरोगी पेशींना धक्काही लागत नाही. शेवटी नाव असतं टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचं. हे दहा जणांना पाठवलंत तर एक तरी जीव वाचेल, अशी गळही घातलेली असते. मावशी ते चित्र भाच्याला पाठवते आणि खाली एवढंच लिहिते, ‘खरं आहे का रे?’

भाचा बहुधा ‘फेक आहे’ असं लिहून मोकळा होतो. उत्तर चूक नाही, पण मावशीच्या गळी उतरत नाही. टाटा हॉस्पिटल खरं, डॉ. बडवे खरे, नारळ तर रोजच्या खाण्यातला. मग खोटं नेमकं काय?

अशा चित्रात एकच दावा कधी नसतो. फोटो कशाचा आहे, नाव घेतलेल्या माणसाने ते म्हटलंय का आणि जे म्हटलंय ते शास्त्राला धरून आहे का, या तिन्ही गोष्टी एकाच चौकटीत चिकटवलेल्या असतात. त्या आधी सुट्या कराव्या लागतात, कारण प्रत्येकीचं उत्तर वेगळं निघू शकतं.

फोटो आणि मजकूर वेगळे असण्याचं नामी उदाहरण दर दिवाळीला मोबाइलवर उगवतं. काळ्या पार्श्वभूमीवर निळ्या, हिरव्या, लाल, पांढऱ्या दिव्यांनी फुललेला भारत आणि खाली ओळ: दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेलं छायाचित्र. चित्र बनावट नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी ते २००३ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून तयार केलं. मात्र ते कुठल्याही एका रात्रीचं नाही. १९९२ पूर्वीपासून दिसणारे दिवे त्यात पांढऱ्या रंगात आहेत. १९९२ मध्ये नव्याने दिसलेले निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे लाल. शहरं कशी पसरत गेली ते दाखवणारा तो नकाशा आहे. पुढे नासाने नोव्हेंबर २०१२ मधल्या दिवाळीच्या सुमाराचं खरं उपग्रहचित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा सणाच्या दिव्यांनी पडणारी भर इतकी थोडी असते की ती अवकाशातून बहुधा जाणवणारही नाही, असंही सांगितलं. आपल्या आकाशकंदिलांचा हा जरा अपमानच, पण इलाज नाही.

हे शोधायला फार कौशल्य लागत नाही. चित्र मोबाइलमध्ये साठवायचं, मजकूर छाटून फक्त फोटोचा भाग ठेवायचा आणि तो गूगल लेन्समध्ये टाकायचा. मजकुरासकट टाकला तर तोच फॉरवर्ड पुन्हापुन्हा समोर येतो. उत्तरांमधलं पहिलं पान पाहून थांबू नये, सर्वांत जुनं शोधावं. ‘टिनआय’ या संकेतस्थळावर जुन्यापासून नव्यापर्यंत क्रम लावता येतो. कालच्या घटनेचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला की तेवढ्यापुरता निकाल लागला. काहीच सापडलं नाही, तर मात्र फोटो खरा ठरत नाही. तो याआधी कोणी खुल्या पानावर टाकलेला नसेल, इतकाच त्याचा अर्थ.

नारळाच्या बाबतीत फोटो तपासून हाती काहीच लागत नाही. नारळ नारळच आहे. इथे गाठ नावाशी आहे.

नाव तपासताना मजकुरातलं एखादं ठळक वाक्य आणि संस्थेचं नाव एकत्र शोधायचं. तसं केलं की २०१९ मधला टाटा मेमोरियलचा खुलासा सापडतो: हा संदेश खोटा आहे, डॉ. बडवे यांनी असं काही सांगितलेलं नाही. ते तेव्हा टाटा मेमोरियल सेंटरचे संचालक होते. आणखी शोधलं तर गंमत कळते. हाच मजकूर इंग्रजीत आधीपासून फिरतोय. कधी गरम लिंबूपाणी आणि बीजिंगच्या लष्करी रुग्णालयाचे प्राध्यापक, कधी गरम अननसपाणी आणि आणखी कोणी डॉक्टर. चकत्या त्याच, कप तोच, दहा जणांची गळही तीच. प्रांत बदलला की फळ बदलतं आणि डॉक्टरही बदलतात.

आता उरतो दावा. पाणी अल्कलाइन झालं असं क्षणभर धरून चालू. ते पोटात गेलं की तिथे तीव्र आम्ल असतं, त्यात त्याचा अल्कलाइनपणा संपतो. रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवतं. ते काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. पेयाने फरक पडलाच तर लघवीच्या पीएचमध्ये पडेल. गाठीपर्यंत त्यातलं काही पोहोचत नाही.

कॅन्सरच्या पेशी मारणं हे तसं फार मोठं काम नाही. काचेच्या बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात. माणसाच्या शरीरात, बाकीच्या पेशी राखून त्या मारणं अवघड आहे, आणि ते जमतंय की नाही हे माणसांवर चाचणी घेतल्याशिवाय कळत नाही.

ही चाचणी कशी असते, ते डॉ. बडवे यांच्याच कामावरून पाहता येतं. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती बधिर करणाऱ्या साध्या औषधाचं इंजेक्शन दिलं तर फायदा होतो का, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासलं. भारतातल्या ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला इंजेक्शन, दुसऱ्याला नाही. मग वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पाच वर्षांनंतर रोग न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शन न घेतलेल्यांत ८२.६ टक्के होतं, घेतलेल्यांत ८६.६. निष्कर्ष २०२३ मध्ये शोधपत्रिकेत छापून आले. एवढ्या वर्षांच्या खटपटीनंतर डॉक्टर सांगतात चार टक्क्यांचा फरक, आणि तोही एका प्रकारच्या कॅन्सरसाठी, शस्त्रक्रियेला जोडून. व्हॉट्सॲपवरचा कप मात्र सगळेच कॅन्सर बरे करतो. खरी बातमी अटी घालून बोलते, आणि या चित्रात एकही अट नाही.

सगळ्याच चित्रांचा असा निकाल लागत नाही. कुठल्या तरी गावात काल रात्री काय घडलं याचा फोटो आला, तर पहिले काही तास कोणालाच काही ठाऊक नसतं. तेव्हा ‘अजून कळलेलं नाही, पुढे पाठवू नका’ हेच खरं उत्तर. संदेशावर दोन बाणांची खूण असेल तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय. यावरून तो खोटा ठरत नाही, पण पाठवणाऱ्याला मूळ ठाऊक असण्याची शक्यता कमी.

भाच्याने मावशीला लिहायचं ते इतकं: डॉ. बडवे खरे आहेत, पण हे त्यांनी सांगितलेलं नाही, हॉस्पिटलनेच तसं कळवलंय. आणि अशा पाण्याने कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही. त्याच्यापुढे एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा: ‘मावशी, कोणासाठी विचारतेस?’ कारण ‘खरं आहे का’ असं विचारणाऱ्याच्या घरात पुष्कळदा कोणीतरी आजारी असतं. खोबरं घातलेलं गरम पाणी कोणी आवडीने पीत असेल तर पिऊ द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर नारळातल्या पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारा. पण त्या कपाच्या भरवशावर केमोची तारीख चुकू देऊ नका.