लॉक झालेल्या खात्यातील संभाषणाची प्रत कशी मागावी

मेसेजिंग अ‍ॅपचे खाते अचानक लॉक झाले की बहुतेक जण कंपनीला एकच ओळ पाठवतात, 'माझे खाते सुरू करा.' पण खाते उघडून मागणे आणि त्यातील संभाषणाची प्रत मागणे या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली फेटाळली गेली तरी दुसरी उभी राहू शकते. त्यासाठी ती सुरुवातीपासून वेगळ्या पत्रात मांडायला हवी.

पत्र लिहिण्याआधी संभाषण मुळात कुठे साठते ते पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोचलेला मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर राहत नाही. न पोहोचलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस थांबतो, तोही कंपनीला वाचता न येणाऱ्या स्वरूपात. म्हणजे तिथले जुने संभाषण कंपनीकडे नसून आपल्या फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये असते. अशा वेळी घाईने अ‍ॅप काढून टाकणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. टेलिग्रामचे नेहमीचे चॅट मात्र कंपनीच्या क्लाउडवर असते, फक्त 'सीक्रेट चॅट' तिथे नसते. प्रत मागण्यात अर्थ आहे तो अशा क्लाउडवरच्या संभाषणासाठी.

समजा, डोंबिवलीत घरून मसाले विकणाऱ्या एका बाईंच्या ऑर्डरी, पत्ते आणि पैसे मिळाल्याच्या पावत्या अशाच एका क्लाउड-आधारित अ‍ॅपवर आहेत. खाते लॉक झाल्यावर त्यांचे पत्र असे असावे:

'माझ्या नोंदणीकृत क्रमांकावरचे खाते १२ मार्चच्या सकाळपासून लॉक आहे. लॉगइन करताना दिसणाऱ्या सूचनेचा स्क्रीनशॉट जोडला आहे. खाते सुरू करण्याची विनंती मी वेगळी केली आहे. या पत्राने मी १ जानेवारी ते १२ मार्च या काळातील माझे संभाषण, त्यातील फोटो व फाइल्स आणि लॉगइनच्या नोंदी यांची प्रत मागत आहे. या विनंतीचा निकाल लागेपर्यंत ही माहिती पुसू नये. एखादा भाग देता येत नसेल, तर तो कोणता व का, हे लेखी कळवावे.'

तारखांची मर्यादा घातल्याने शोधणाऱ्याचे काम सोपे होते आणि 'मागणी मोघम आहे' असे म्हणायला जागा उरत नाही. माहिती पुसू नये हे वाक्य तर आवर्जून हवे, कारण खाते कायमचे बंद झाल्यावर त्यातील मजकूरही पुसला जाऊ शकतो. समोरच्या माणसाने लिहिलेल्या मेसेजवर त्याच्याही खासगीपणाचा हक्क असतो. त्यामुळे काही भाग झाकून मिळू शकतो. कारण लेखी मागायचे ते यासाठीच.

उत्तर बहुधा ठरावीक साच्याचे येते: 'सेटिंग्जमध्ये जाऊन आपला डेटा डाउनलोड करा.' इथे अनेक जण हात टेकतात. त्याच मेलला उत्तर देऊन लिहावे, 'त्या सोयीसाठी लॉगइन लागते आणि माझे लॉगइनच बंद आहे. कृपया ही विनंती तक्रार अधिकाऱ्यांकडे द्यावी.' पत्र नोंदणीकृत ईमेलवरूनच पाठवावे. ओळखपत्र मागितले तर आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत द्यावी. ओटीपी कुणालाही देऊ नये. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या 'कस्टमर केअर' क्रमांकावर फोन करू नये, कारण तिथे अनेकदा भामटेच बसलेले असतात.

भारतातील २०२१ च्या आयटी नियमांनुसार अशा कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याचा निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर ऑनलाइन अपील करता येते. म्हणून पोच, उत्तरे आणि स्क्रीनशॉट तारखेनुसार जपून ठेवावेत.

कायद्याचा आधार घेताना मात्र नेमके लिहावे. युरोपीय संघात राहणाऱ्याला तिथल्या जीडीपीआर कायद्याच्या १५ व्या कलमाने आपल्या माहितीची प्रत मागता येते आणि कंपनीला साधारण एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने हे कलम पत्रात जरूर नोंदवावे. भारतातून लिहिणाऱ्याला त्याचा सहसा उपयोग नाही. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे ११ वे कलम माहितीचा 'सारांश' मिळण्याचा हक्क देते, संपूर्ण प्रतीचा नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण हे हक्क त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यामुळे भारतातल्या पत्राचा भर कलमांच्या यादीवर नसावा. कोणती माहिती, कोणत्या काळातली आणि ती कंपनीच्याच सर्व्हरवर का आहे, हे जितके स्पष्ट लिहाल तितके ते पत्र टाळणे कंपनीला अवघड जाते.