साहेबांची सही आणि ठाण्याची नोंद

सरकारी नोकरीत निवड झाल्याचं पत्र येतं, पेढे वाटून होतात आणि मग कुणीतरी पत्रासोबतची कागदांची यादी नीट वाचायला घेतं. त्यात एका ओळीत राजपत्रित अधिकाऱ्याचा चारित्र्याचा दाखला मागितलेला असतो, बहुधा दोन अधिकाऱ्यांचे दोन. खाली कुठेतरी ‘साक्षांकन नमुना’ भरून द्यायचा असतो, आणि नेमणूक पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीच्या अधीन राहील असंही लिहिलेलं असतं. दोन्हीकडे ‘चारित्र्य’ हा शब्द दिसला की घरातल्या मंडळींना वाटतं, एकच काम दोनदा सांगितलंय. तहसीलदारांची सही मिळाली, आता पोलिसांचं काय राहिलं? हा समज घेऊन साक्षांकन नमुना भरायला बसलेली मुलं पुढे अडकतात.

आधी अधिकाऱ्याचा दाखला पाहू. केंद्र सरकारच्या नमुन्यात त्याचा मजकूर जेमतेम चार ओळींचा असतो. मी अमुक यांना इतकी वर्षं, इतके महिने ओळखतो. माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे त्यांचं चारित्र्य चांगलं आहे. सरकारी नोकरीला अपात्र ठरवील असं त्यांच्या पूर्वायुष्यात काही नाही. ते माझे नातेवाईक नाहीत. या मजकुरातला सगळा भार ‘ओळखतो’ आणि ‘माझ्या माहितीप्रमाणे’ या शब्दांवर आहे. सही करणारे वैद्यकीय अधिकारी किंवा सरकारी महाविद्यालयातले प्राध्यापक कुठलंही रजिस्टर उघडत नाहीत, पोलिसांना फोन लावत नाहीत. त्यांच्याकडून तशी अपेक्षाही नसते. एका जबाबदार माणसानं आपल्या पदाच्या भरवशावर दिलेला तो शब्द आहे.

म्हणूनच अनोळखी मुलाच्या कागदावर सही करायला एखादा अधिकारी कचरतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही. प्रत्यक्षात बऱ्याचदा मुलगा दाखल्यासाठीच पहिल्यांदा साहेबांसमोर उभा राहतो आणि कागदावर ‘तीन वर्षांपासून ओळखतो’ असं लिहिलं जातं. ही खोटी ओळख इतकी रुळली आहे की तिच्यात खोटं काही आहे हेच कुणाला वाटत नाही. खरं तर शिकवणारे प्राध्यापक, गावच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर, वडिलांना वर्षानुवर्षं ओळखणारे गटविकास अधिकारी असे खरी ओळख असलेले लोक शोधले तर सापडतात. सही घेताना ओळखीचा काळ भरला आहे ना, तारीख, हुद्दा आणि कार्यालयाचा शिक्का आहे ना, नावाचं स्पेलिंग गुणपत्रिकेसारखंच आहे ना, एवढं जागीच पाहावं. दाखले परत येतात ते बहुतेक अशाच किरकोळ चुकांमुळे.

गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर अधिकाऱ्याची सही घेण्याची सक्ती 2014-15 च्या सुमारास केंद्रानं आणि आपल्या राज्यानंही मोठ्या प्रमाणात काढून टाकली. आता आपल्या प्रतीवर आपणच सही करतो. तेव्हा हा दाखलाही गेला असं काहींना वाटलं. पण झेरॉक्स खरी आहे हे स्वतः सांगता येतं, आपलं चारित्र्य चांगलं आहे हे स्वतः सांगून कोण मानणार? म्हणून तो टिकून आहे.

पोलीस पडताळणीचा पाया वेगळा. तिथे तुम्हाला कोण ओळखतं हा मुख्य प्रश्न नसतो, तुमच्याबद्दल कुठे काय नोंदलं गेलं आहे हा असतो. साक्षांकन नमुन्यात मागच्या पाच वर्षांत एक वर्षापेक्षा जास्त काळ जिथे जिथे राहिलात तिथले पत्ते द्यावे लागतात. नेमणूक करणारं कार्यालय तो नमुना त्या त्या ठिकाणच्या पोलीस यंत्रणेकडे पाठवतं. जिल्ह्यात तो अधीक्षकांच्या कार्यालयातल्या विशेष शाखेतून आणि शहरात आयुक्तालयाच्या विशेष शाखेतून स्थानिक ठाण्यापर्यंत जातो. ठाण्यात गुन्ह्यांच्या नोंदी आणि संगणकावरची माहिती पाहतात, पत्त्यावर चौकशी करतात, आणि अहवाल आला त्याच वाटेनं परत जातो. म्हणजे ही पडताळणी उमेदवाराच्या हातात पडतच नाही. कार्यालय विचारतं, पोलीस कार्यालयालाच उत्तर देतात.

एक उदाहरण घेऊ. कोरेगाव तालुक्यातला एक मुलगा पुण्यात तीन वर्षं खोली घेऊन शिकला. दुसऱ्या वर्षी मेसमध्ये भांडण झालं, हातघाईवर आलं आणि समोरच्याचा एक दात तुटला. दात तुटणं ही कायद्याच्या भाषेत ‘गंभीर दुखापत’, म्हणून तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा दाखल झाला. त्याला अटक झाली आणि गुन्हा जामीनपात्र असल्यानं त्याच दिवशी जामीनही मिळाला. वर्षभरानं दोघांत समेट झाला. न्यायालयाच्या परवानगीनं प्रकरण आपसात मिटलं, आणि अशा मिटण्याचा परिणाम कायद्यानं निर्दोष सुटण्यासारखाच असतो. मुलाच्या लेखी विषय संपला. पुढे स्पर्धा परीक्षेतून केंद्राच्या एका कार्यालयात त्याची निवड झाली. गावच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर त्याला सहा वर्षं ओळखत होते, त्यांनी मनापासून दाखला दिला. साक्षांकन नमुन्यात ‘तुम्हाला कधी अटक झाली आहे का’ आणि ‘तुमच्यावर कधी खटला चालला आहे का’ या प्रश्नांपुढे मुलानं ‘नाही’ लिहिलं. साताऱ्याचा अहवाल स्वच्छ आला. पुण्याचा अहवाल आला त्यात गुन्ह्याचा क्रमांक होता.

इथे डॉक्टर खोटं बोलले नाहीत. त्यांना पुण्यातलं काही माहीतच नव्हतं. पोलिसांनीही आकसानं काही लिहिलं नाही. दोन्ही कागद आपापल्या जागी खरे आहेत. खोटं आहे ते मुलाचं ‘नाही’. नमुन्यात सगळ्यांत वरच छापलेलं असतं की खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही स्वतंत्र अपात्रता आहे. प्रश्न ‘आज काही प्रकरण चालू आहे का’ एवढाच नसतो. तोही असतो, पण ‘कधी’ हा शब्द असलेले प्रश्न त्याआधी येतात. सुटका झाली म्हणून झालेली अटक पुसली जात नाही. आपल्याकडे ज्याला ‘चॅप्टर’ म्हणतात, म्हणजे शांतता राखण्यासाठी घेतलेला जातमुचलका, त्याच्याबद्दलही स्वतंत्र प्रश्न असतो. निवडणुकीत किंवा गणपतीत अशा चॅप्टरमध्ये नाव गेलेल्या कित्येकांना ते सांगायचं असतं हेच ठाऊक नसतं.

अशा मुलाची नोकरी जातेच का? सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या निकालात या प्रश्नाची बरीच उकल केली. तरुण वयात घोषणा देण्यासारखं किरकोळ प्रकरण असेल, जे सांगितलं असतं तरी माणूस अपात्र ठरला नसता, तर ते लपवल्याकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो. नमुन्यातला प्रश्न नेमका असेल तरच दडवल्याचा ठपका ठेवता येतो. मोघम विचारलं असेल तर नाही. मात्र त्याच निकालात असंही आहे की उमेदवारानं संपलेलं प्रकरण प्रामाणिकपणे सांगितलं तरी त्याला नेमायचं की नाही हे ठरवण्याचा नियोक्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. थोडक्यात, खरं लिहिल्यानं नोकरीची हमी मिळत नाही. पण मग चर्चा तुटलेल्या दाताची होते, तुमच्या खोटेपणाची होत नाही, आणि पहिल्या चर्चेत बाजू मांडायला बरंच काही असतं.

या दोहोंच्या मध्ये आणखी दोन सह्या गोंधळ घालतात. खेड्यात पोलीस पाटलाचा दाखला मिळतो. पोलीस पाटील हे 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली गावात नेमलेलं पद आहे. ते पोलीस ठाणं नव्हे आणि त्यांचा दाखला म्हणजे पोलीस पडताळणी नव्हे, नावात ‘पोलीस’ असलं तरी. दुसरी सही याच्या उलट. ओळखीच्या पोलीस उपअधीक्षकांनी ‘मी यांना ओळखतो’ असा दाखला दिला तर ते राजपत्रित अधिकारी म्हणून दिलेलं चारित्र्य प्रमाणपत्र झालं. अंगावर खाकी असली तरी ती नोंदींची पडताळणी ठरत नाही.

कुठे काय लागतं, ते मागणाऱ्याला काय जाणून घ्यायचंय यावर ठरतं. अधिकाऱ्याचा दाखला मुख्यतः सरकारी खात्यांत आणि बऱ्याच बँकांत रुजू होताना मागतात. सैन्यभरतीत त्याचाच भाऊ म्हणावा असा सरपंचाचा किंवा नगरपालिकेचा, फोटो लावलेला आणि सहा महिन्यांच्या आतला दाखला लागतो, शिवाय शाळेचा वेगळा. पोलीस पडताळणी मात्र जिथे दुसऱ्याची सुरक्षितता गुंतलेली आहे तिथे हमखास येते. रिक्षा-टॅक्सीचा बॅज, शस्त्र परवाना, खासगी सुरक्षारक्षकाची नोकरी. आणि 2024 च्या बदलापूर प्रकरणानंतर राज्यातल्या शाळांच्या कर्मचाऱ्यांबाबतही तिचा आग्रह वाढला. खासगी कंपनीनं मागितली तर उमेदवार स्वतः महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून अर्ज करतो, शुल्क भरतो, ठाण्यात कागद दाखवतो आणि प्रमाणपत्र त्याच्या हाती येतं. भाडेकरूची माहिती ठाण्याला देणं याला लोक पडताळणी म्हणतात खरे, पण ती घरमालकानं द्यायची माहिती आहे. तिची पोच कंपनीत चारित्र्याचा पुरावा म्हणून चालत नाही.

परदेशाचं खातं पुन्हा निराळं. पासपोर्ट काढताना होणारी पडताळणी पासपोर्टपुरती असते. पुढे नोकरीसाठी, स्थायिक होण्यासाठी किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी परदेशी वकिलात जे मागते ते ‘पीसीसी’ पासपोर्ट कार्यालयाकडून घ्यायचं असतं, नुसतं फिरायला जाणाऱ्यांना ते देत नाहीत. परदेशात राहणाऱ्यांना तिथल्या भारतीय दूतावासाकडे अर्ज करता येतो.

पोलिसांच्या कागदालाही मर्यादा आहेत. दिलेल्या पत्त्यावर, त्या काळात, आपल्या नोंदीत प्रतिकूल काही आढळलं नाही, इतकंच तो सांगतो. पत्ता गाळला तर तिथल्या ठाण्याला विचारणाच होत नाही, आणि नंतर ते उघड झालं तर गाळणं हेच दडवणं ठरतं. खोली सोडली असेल आणि घरमालक ‘ओळखत नाही’ म्हणाला तर अहवाल अडून बसतो, म्हणून जुना भाडेकरार जपून ठेवावा.

तेव्हा साक्षांकन नमुना भरताना घाई करू नका. ‘कधी’ हा शब्द असलेला प्रत्येक प्रश्न दोनदा वाचा. काही घडलं असेल तर ‘होय’ लिहा, सोबत न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडा, आणि भरलेल्या नमुन्याची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. नमुना दिल्यानंतर आणि नेमणुकीआधी काही घडलं, तर तेही कार्यालयाला लेखी कळवायचं असतं.