चकलीच्या भाजणीत अडकलेला फोन

वसुबारसेची सकाळ. चकलीची भाजणी अर्धी दळून झाली आणि मिक्सर बंद पडला. बाईंनी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडून सनईच्या सुरावर आवाज आला, "प्रकाशाच्या या मंगलमय पर्वानिमित्त आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना..." मिनिटभराच्या या शुभेच्छांत कुठल्याशा ऑफरच्या अटी आल्या, शेवटी 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे आले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. बाई तीन मिनिटे थांबल्या, म्हणजे त्यांनी तीनदा शुभेच्छा स्वीकारल्या.

प्रसंग कल्पित आहे, पण दिवाळीत कुणाच्याही घरी घडेल असा. होल्डवरचा संदेश लिहिणाऱ्याने आधी या बाईंना डोळ्यांपुढे आणावे. ग्राहक सेवेला फोन करणारा माणूस बहुधा काहीतरी बिघडले म्हणून फोन करतो. त्याच्या कानावर पहिल्याच वाक्यात विक्री आली तर तो चिडणारच. त्यामुळे क्रम असा हवा: छोटी शुभेच्छा, थांबावे का लागते आहे ते, थांबलेल्या वेळात त्याने काय करावे ते, आणि मग ऑफर.

फोनची स्वतःचीही एक अडचण आहे. साध्या फोन लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे पोचतो. सनईची झिलई त्याच्या वर राहते, म्हणून कार्यालयात गोड वाटलेली सनई फोनवर पिपाणी होते. 'स'चा सीत्कारही बराचसा 3400च्या वरच असतो. तो कापला गेला की 'साठ' ऐकताना 'आठ' वाटू शकते. एकोणसाठ, एकोणसत्तर यांची गल्लत तर समोरासमोर बोलतानाही होते. म्हणून टक्क्यांपेक्षा 'पाचशे रुपये' बरे. ते चटकन कळते आणि लक्षात राहते. बोलण्याखाली संगीत नकोच. आधी वाजवा, नंतर वाजवा, बोलताना थांबवा. आणि हो, लोकप्रिय चित्रपटगीत लावायचे असेल तर त्याचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांचा परवाना लागतो.

समजा, या मिक्सर कंपनीची ऑफर अशी आहे: जुना मिक्सर दिला की नव्यावर पाचशे रुपये सूट, फक्त कंपनीच्या दुकानांत, भाऊबीजेपर्यंत. मी संदेश असा लिहीन:

"नमस्कार, दिवाळीच्या शुभेच्छा. आमचे सहकारी इतर ग्राहकांशी बोलत आहेत, तुमचा क्रमांक आला की लगेच जोडून देतो. तोवर मिक्सरच्या तळाशी चिकटवलेला नंबर हाताशी ठेवा. जुना मिक्सर दिलात तर नव्यावर पाचशे रुपये सूट आहे, भाऊबीजेच्या संध्याकाळपर्यंत, आमच्या दुकानांतच. लक्ष्मीपूजनाला दुपारी दोननंतर ही लाइन बंद राहील."

हे 43 शब्द निवांत वाचले तरी अर्ध्या मिनिटात होतात. मोठ्याने वाचून घड्याळ लावावे. कागदावर छोटे दिसणारे वाक्य तोंडात लांबते. 'आमच्या दुकानांतच' हे दोन शब्द जागा वाचवायला गाळण्याचा मोह होतो. गाळू नयेत. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत ध्वनीतून केलेली प्रसिद्धीही येते, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. बाकी बारीक अटी दुकानात सांगता येतात, पण ग्राहकाचा हेलपाटा ज्या अटीने वाचतो ती फोनवरच सांगायला हवी.

हा संदेश एकदाच वाजवावा. त्यानंतर मिनिटभर नुसते संगीत, मग "अजून थोडा वेळ लागेल, लाइन सोडू नका" एवढेच. संगीतातून अचानक माणसाचा आवाज आला की थांबलेल्याला वाटते, फोन उचलला! तो "हॅलो" म्हणतो आणि ध्वनिमुद्रण पुढे बोलत राहते. ही फसगत एकदा झाली तर चालते, दर वीस सेकंदांनी झाली की राग प्रतिनिधीवर निघतो. दर वेळी आधी घंटेचा तोच एक छोटा नाद ठेवला तर कान ते ओळखतो.

राहिली मुदत. 'भाऊबीजेपर्यंत' हे ऐकणाऱ्याला नेमके कळते, पण फोन यंत्रणेला भाऊबीज कळत नाही. तिला तारीख आणि वेळ द्यावी लागते. ध्वनिमुद्रण चढवतानाच ते उतरवण्याची वेळ घालून ठेवावी, आणि नेहमीचा संदेश त्याच्यामागे तयार ठेवावा. नाहीतर तुळशीच्या लग्नाच्या दिवशी एखादे आजोबा होल्डवर पाचशे रुपयांची सूट ऐकतात, जुना मिक्सर पिशवीत घालून दुकानात जातात, आणि काउंटरवरच्या मुलीला ती सूट संपल्याचे सांगावे लागते.